सावलीची कड पुसट का?

चौथीतली भाची परवा शाळेतून एक कागद घेऊन आली. टॉर्च आणि वस्तू घेऊन सावलीचा उपक्रम करायचा होता, आधी अंदाज लिहायचा आणि मग करून बघायचं. पहिला प्रश्न होता, वस्तू टॉर्चच्या जवळ नेली तर सावली मोठी होईल की लहान? तिने 'मोठी' लिहिलं. नाशिकच्या आमच्या घरात दिवे घालवले, पडदे ओढले, भिंतीवर टॉर्च मारला. सावली जेमतेमच वाढली.

"मामा, माझं चुकलं का?"

चुकला होता टॉर्च. चांगल्या टॉर्चमध्ये दिव्यामागे खोलगट, चकचकीत वाटी असते. उजेड इकडेतिकडे सांडू न देता लांब फेकणं हेच तिचं काम. त्या झोतातले किरण जवळजवळ समांतर जातात, म्हणून वस्तू कुठेही धरली तरी सावली साधारण वस्तूएवढीच पडते. असे उपक्रम छापणाऱ्यांनी ते स्वतः एकदा तरी करून बघावेत, एवढीच माझी तक्रार.

मग मोबाइलचा दिवा घेतला. तो जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि उजेड पसरून टाकणारा. भिंतीपासून १२० सेंटिमीटरवर मोबाइल उभा केला. पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर उंच, ३ सेंटिमीटर रुंद पट्टी खेळाच्या मातीत रोवून बरोबर मध्ये, म्हणजे ६० वर ठेवली. सावली २० सेंटिमीटर उंच. मोबाइलपासून ३० वर आणली तर ४०. दिव्यापासून भिंत वस्तूच्या किती पट लांब आहे, तितक्या पट सावली मोठी. भाचीचा अंदाज खरा ठरला.

कागदावरचे प्रश्न इथे संपले, पण मला खरी मजा याच्यापुढे वाटते. मी विचारलं, "याच टॉर्चच्या तोंडावर बटर पेपर लावला तर?" बटर पेपरमुळे टॉर्चचं ५ सेंटिमीटरचं अख्खं तोंड सारखं उजळतं आणि उजेड सगळीकडे पसरतो. ती म्हणाली, "आधीसारखीच सावली, फक्त फिकी."

पट्टी पुन्हा ६० वर ठेवली. भिंतीवर मध्ये जेमतेम १ सेंटिमीटरचा गडद पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत हळूहळू विरत जाणारी करडी झाक.

असं का, हे समजायला भिंतीवर एक मुंगी बसवा. गडद पट्ट्यातली मुंगी टॉर्चकडे बघेल तर पट्टीने टॉर्चचं तोंड पूर्ण झाकलेलं असेल. ती थोडी बाजूला सरकली की तोंडाची एक कोर दिसेल, आणखी सरकली की अर्धं, मग अख्खं. जितकं तोंड दिसेल तितका उजेड त्या जागी पोचतो. गडद भागाला प्रच्छाया म्हणतात, करड्याला उपच्छाया. मोबाइलचा दिवा एवढासा, की तो मुंगीला एक तर दिसतो किंवा दिसत नाही. मधली अवस्था जवळपास नाहीच, म्हणून कड रेखीव.

आता पट्टी टॉर्चपासून ३० वर आणली तर? भाची म्हणाली, "काळा पट्टा मोठा होईल." तो नाहीसाच झाला! पट्टी टॉर्चच्या तोंडापेक्षा अरुंद, त्यामुळे प्रच्छाया तिच्यामागे निमुळती होत ४५ सेंटिमीटरवर संपते, आणि भिंत आहे ९० वर. उलट पट्टी भिंतीपासून १० वर नेली, की करडी किनार अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी राहते.

शेवटी काळ्या कागदाला ५ मिलिमीटरचं भोक पाडून तो बटर पेपरवर चिकटवला. "भोक लहान, म्हणून सावली लहान," असा तिचा अंदाज. पट्टी ६० वर ठेवल्यावर सावली तीच २० सेंटिमीटर आली. फक्त उजेड मंद, आणि कड पुन्हा रेखीव.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र याच क्रमाने गेला होता. नऊच्या सुमारास तो पृथ्वीच्या उपच्छायेत शिरला, पण दहाला प्रच्छाया लागेपर्यंत फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. चंद्र फक्त उपच्छायेतून जातो ते छायाकल्प ग्रहण, आणि त्याचे वेध पंचांगही पाळायला सांगत नाही. सावली थोडी पुसट झाली की अन्न दूषित व्हायचं थांबतं, असं समजायचं का?

सूर्यही बिंदू नव्हे, आपल्याला अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. दुपारी गच्चीवर ७ मिलिमीटर जाडीची पेन्सिल उन्हात आडवी धरा. नजर सूर्याकडे नको, फरशीवर. फरशीलगत सावली काळीशार असते. पेन्सिल हळूहळू वर न्या. सूर्य डोक्यावर असेल तर साधारण पाऊण मीटरवर तिची प्रच्छाया संपते आणि त्यापुढे नुसती करडी रेघ उरते. भाचीने अंदाज लिहिलाय एक मीटर. रविवारी टेप घेऊन वर जायचं ठरलंय.