गोल्डफिशच्या अंगावरचे पांढरे ठिपके: व्हाइट स्पॉट की नराची खूण?

गोल्डफिशच्या कल्ल्यांवरच्या झाकणावर बारीक पांढरे दाणे दिसले की पाळणारा घाबरून टाकीत औषध ओततो. पण विणीच्या काळात नर गोल्डफिशला असे दाणे येतातच. ते कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काट्यावर, दोन्ही बाजूंना ओळीने असतात. जागा सोडत नाहीत, आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. मासा खातो-पितो, मादीमागे धावतो. त्याला काहीही करायचं नसतं.

व्हाइट स्पॉट या आजाराचे ठिपके मात्र शेपटी, पाठ, पर असे कुठेही विखुरतात आणि रोज वाढतात. मासा खडीवर अंग घासतो. परजीवी कल्ल्यांत शिरले तर तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. कधी कधी ते फक्त कल्ल्यांतच असतात, तेव्हा ठिपका एकही दिसत नाही.

हा आजार इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या आवरणाखाली बसून माशावर पोसणारा जीव. त्याला वरून आवरण असल्याने औषध तिथवर पोहोचत नाही. पोट भरलं की तो गळून पडतो, खडीला किंवा काचेला चिकटतो, भोवती कोष करतो आणि आत विभागत राहतो. एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात, कधी हजारापर्यंत. कोषही औषधाला फारसा दाद देत नाही. पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात; दोनेक दिवसांत तो मिळाला नाही तर मरतात. मीठ आणि औषध खरं लागू पडतं ते याच पिल्लांना.

म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. त्या दिवशी परजीवी माशावरून उतरून खडीत बसलेले असतात. थोड्याच दिवसांत पुन्हा ठिपके येतात, तेही आधीपेक्षा जास्त, आणि दोष मात्र औषधाला मिळतो.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालतं. २५ अंशांना ते साधारण आठवड्याच्या आत पुरं होतं, १० अंशांच्या आसपास महिन्याहून जास्त लागतो. थंड पाण्यात पाच दिवसांचा कोर्स करून उपयोग नाही. तेव्हा पिल्लं बाहेर यायचीच असतात.

समजा, ६० लिटरची टाकी आहे, पाणी २५ अंश आणि आत फक्त गोल्डफिश. लिटरला ३ ग्रॅम या हिशेबाने १८० ग्रॅम साधं मीठ लागेल. ते पाण्यात विरघळवून दोन दिवसांत तीन-चार हप्त्यांनी घाला, एअर पंप चालू ठेवा. एक दिवसाआड खडी सायफनने ओढली तर कोषही बाहेर जातात. १५ लिटर पाणी बदललं तर ४५ ग्रॅम मीठ परत घाला. नुसतं उडून गेलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही, कारण मीठ उडत नाही. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवा. टाकीत कोरिडोरास मासे किंवा वनस्पती असतील तर मात्र हे प्रमाण जड पडतं.