छतावरच्या सोलरचा अर्ज आणि ‘डीसी अर्थिंग’ : फ्रेम जोडायच्या, तारा नाहीत

पीएम सूर्यघर योजनेत सोलर बसवणारे बहुतेक लोक अनुदानाचा आकडा विचारतात, पॅनेल कुठल्या कंपनीचे ते विचारतात आणि अर्थिंगचा विषय वायरमनवर सोडतात. तपासणीच्या कागदांत मात्र ‘डीसी अर्थिंग’, ‘एसी अर्थिंग’ आणि ‘लायटनिंग अरेस्टर’ असे तीन खड्डे दाखवावे लागतात. त्यातल्या पहिल्या नावाने खूप घोळ होतो. म्हणून अर्जाची वाट आधी थोडक्यात सांगतो आणि मग त्या एका शब्दापाशी थांबतो.

योजना घरगुती वीजजोडणी असलेल्या कुटुंबासाठी आहे. जोडणी आपल्या नावावर हवी, पॅनेल बसतील असे छत हवे आणि आधी सोलरवर दुसरे सरकारी अनुदान घेतलेले नसावे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये मिळतात. 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये मिळतात, त्यापुढे रक्कम वाढत नाही. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच लागते.

नोंदणी pmsuryaghar.gov.in वर होते. तिथे ग्राहक क्रमांक (महावितरणचा असेल तर बारा आकडी), मोबाइल आणि ईमेल द्यायचा. अलीकडचे वीजबिल, आधार, छताच्या हक्काचा पुरावा आणि बँकेचे पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश हाताशी ठेवा. 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज पूर्ण भरलेला असेल तर वीज कंपनीच्या वेगळ्या तांत्रिक अभ्यासाविना तो मंजूर धरला जातो, मंजूर भार वाढवायचा असल्यास तेही कंपनी करते. त्यानंतर पोर्टलवरचा नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, त्याच्याशी करार करायचा आणि काम करून घ्यायचे. काम झाल्यावर संचाची माहिती व फोटो चढवून नेट मीटरचा अर्ज जातो, कंपनीचा माणूस पाहणी करतो, मीटर बसतो आणि कार्यान्वयनाचा अहवाल निघतो. शेवटी बँकेचा तपशील भरला की साधारण 30 दिवसांत अनुदान खात्यावर येते.

पाहणीच्या टप्प्यावर काम झाल्याचा अहवाल, एकरेषीय आकृती, पॅनेल-इन्व्हर्टरची प्रमाणपत्रे आणि अर्थिंगच्या रेझिस्टन्सचा आकडा तयार असावा. हा आकडा 5 ओहमच्या आत असावा अशी अपेक्षा असते. पण तो खड्ड्याचा आकडा आहे. मातीत गाडलेली पट्टी जमिनीशी किती चांगली जोडली आहे एवढेच तो सांगतो. छतावरचे सहावे पॅनेल त्या खड्ड्यापर्यंत जोडलेले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. कागदावर 3 ओहम आणि छतावर एक फ्रेम अधांतरी, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आता ‘डीसी अर्थिंग’ या नावाबद्दल. वीजकामात अर्थिंग दोन वेगळ्या कारणांनी होते. ज्या धातूतून वीज वाहायला नको आहे तो धातू जमिनीला जोडणे हे पहिले कारण. पॅनेलची फ्रेम, खालची रेल, स्टँडचे पाय, इन्व्हर्टरची बॉडी ही सगळी या गटात येतात. याला फ्रेमचे अर्थिंग म्हणू. दुसऱ्या प्रकारात ज्या तारेतून वीज वाहते तीच मुद्दाम जमिनीला जोडतात, म्हणजे बाकीच्या तारांचे व्होल्टेज जमिनीच्या मानाने ठरून जाते. गावातल्या डीपीमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेले असते, ते हे. याला सिस्टिमचे अर्थिंग म्हणतात. आपल्या घरासाठी ते काम वीज कंपनीने डीपीपाशी आधीच केलेले असते.

आपल्या आकृतीतल्या ‘डीसी अर्थिंग’च्या खड्ड्याला डीसी बाजूच्या, म्हणजे पॅनेलकडच्या, फ्रेम आणि रेल जोडायच्या असतात. पॅनेलची पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह तार तिथे न्यायची नसते. नाव वाचून काही वायरमन निगेटिव्ह तार अर्थच्या पट्टीला कसतात, कारण गाडीची बॅटरी त्यांनी तशीच पाहिलेली असते. घरगुती सोलरमध्ये बहुतेक इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात. त्यांच्यात डीसी आणि एसी बाजू आतून एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि एसीचे न्यूट्रल डीपीवर आधीच जमिनीला गेलेले असते. निगेटिव्हही जमिनीला जोडले की दोन ठिकाणी जमीन गाठलेले एक वर्तुळ तयार होते. बहुतेक वेळा इन्व्हर्टर सकाळी सुरू होण्याआधीच इन्सुलेशनची चूक दाखवून थांबतो. ट्रान्सफॉर्मर असलेल्या काही इन्व्हर्टरना एक टोक अर्थ करायची मुभा असते, पण तसे त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असले तरच.

मग फ्रेम कशाला जोडायच्या? 540 वॅटची सहा पॅनेल ओळीने जोडली आहेत असे धरा, या माळेला स्ट्रिंग म्हणतात. प्रत्येकाचे उघड्या टोकांचे व्होल्टेज साधारण 49.5, म्हणजे स्ट्रिंगचे जवळपास 297 व्होल्ट. समजा पॅनेल रेलवर धरणाऱ्या क्लॅम्पखाली केबल चेंगरली, तिचे आवरण फाटले आणि पॉझिटिव्ह तांबे फ्रेमला टेकले.

फ्रेम जमिनीला नीट जोडलेली असेल तर पॉझिटिव्ह टोक जमिनीच्या पातळीवर येते. कुठलीच डीसी तार दुसरीकडे जमिनीला गेलेली नसल्याने मोठा करंट वाहत नाही. सकाळी इन्व्हर्टर चालू होण्यापूर्वी पॅनेलच्या तारा आणि जमीन यांमधले इन्सुलेशन मोजतो. ते पडलेले त्याला दिसते आणि तो चूक दाखवून थांबतो. फ्रेमला हात लावणाऱ्याला काही होत नाही.

तीच फ्रेम जमिनीला जोडलेली नसेल तर तिच्यावर तारेचे व्होल्टेज येऊन बसते. इन्व्हर्टर मात्र तारा आणि अर्थ यांच्यातले इन्सुलेशन मोजतो, आणि चेंगरलेली तार अर्थला पोचतच नसल्याने त्याला सगळे ठीक दिसते. तो दिवसभर वीज बनवत राहतो. ओल्या स्लॅबवर पाइप घेऊन पॅनेल धुणारा माणूस फ्रेमला टेकला की जमिनीशी जोडणी त्याच्या शरीरातून होते. फ्रेम न जोडल्याने संरक्षण जाते, शिवाय चूक ओळखणारी यंत्रणाही आंधळी होते.

आणि कुणी निगेटिव्हही अर्थ केले असेल तर? आता त्याच चुकीतून फ्रेम आणि अर्थच्या पट्टीमधून स्ट्रिंगचा पूर्ण करंट फिरू लागतो, सुमारे 13 अँपिअर. बॅटरीसारखा तो शेकडो अँपिअरपर्यंत जात नाही, कारण ऊन जेवढे तेवढाच करंट पॅनेल देते. त्यामुळे 15 अँपिअरचा फ्यूज उडतही नाही आणि सैल जोडावर ठिणगी तासन्‌तास चालू राहू शकते. फ्रेमच्या अर्थिंगची आणि सिस्टिमच्या अर्थिंगची सरमिसळ झाली की आग लागते ती अशी.

प्रत्यक्ष जोडणीत सगळ्यात जास्त फसवणूक ॲल्युमिनियमची चकाकी करते. फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो. गंजापासून तो वाचवतो, पण तो वीज जाऊ देत नाही. म्हणून ‘फ्रेम क्लॅम्पला, क्लॅम्प रेलला टेकली आहे, जोडली गेलीच’ हा हिशेब चुकतो. क्लॅम्पखाली दातेरी स्टीलची बॉन्डिंग वॉशर हवी, जिचे दात घट्ट कसताना थर फोडून धातूत रुततात. नाहीतर फ्रेमच्या मागे अर्थचे चिन्ह असलेले जे भोक दिलेले असते, तिथून लग आणि हिरवी-पिवळी तार घ्या. तार तांब्याची आणि किमान 6 चौरस मिलिमीटरची असावी. वीज पडण्यापासून संरक्षणाच्या यंत्रणेचाच ती भाग असेल तर 16. उघडे तांबे थेट ॲल्युमिनियमवर कसू नका. पावसाळ्यात तो जोड आतून खाल्ला जातो, म्हणून कथिल चढवलेला लग आणि स्टेनलेस वॉशर वापरा. दोन रेल जिथे जोडतात तिथेही वेगळा जम्पर, म्हणजे दोन्हींना सांधणारी तार, हवी. आणि फ्रेमला फ्रेम अशी माळ करण्यापेक्षा प्रत्येक फ्रेम रेलला आणि रेल मुख्य पट्टीला जोडा, म्हणजे दुरुस्तीसाठी एक पॅनेल काढले तरी पुढच्यांचे अर्थिंग सुटत नाही.

साताऱ्याजवळच्या एका घराचे काम सांगतो. हीच सहा पॅनेल, तीन-तीनच्या दोन ओळी. अनुदान मिळून गेले होते. तक्रार एवढीच की पाणी मारताना मागच्या ओळीच्या शेवटच्या पॅनेलला हाताला झिणझिण्या येतात. इन्व्हर्टर चालू असताना त्या फ्रेम आणि अर्थच्या पट्टीमध्ये एसीवर 80 व्होल्टच्या आसपास दिसले. इन्व्हर्टर बंद केल्यावर ते शून्य झाले, डीसीवरही काही उरले नाही. यावरून केबल फुटलेली नाही हे कळले. उन्हात इन्व्हर्टर बंद करूनही डीसी व्होल्टेज राहिले असते तर चेंगरलेल्या तारेचा संशय धरावा लागला असता. इथे होती ती फक्त गळती. पॅनेलमधले सेल आणि फ्रेम यांमध्ये एका कपॅसिटरसारखा संबंध असतो, त्यातून एक-दोन मिलिअँपिअर एसी करंट फ्रेमवर येतो आणि अर्थ न मिळाल्याने हातातून जातो. एवढा करंट जाणवतो, जीव घेत नाही, पण छतावरून माणूस दचकून पडायला तो पुरेसा आहे.

स्टँडच्या पायाला अर्थची पट्टी होती, खड्ड्याचा आकडाही चांगला होता. फ्रेम आणि अर्थची पट्टी यांमध्ये पहिल्या ओळीत मीटरने 0.3 ओहम दाखवले, शेवटच्या फ्रेमला काहीच दाखवले नाही. क्लॅम्प साधे होते, वॉशर नव्हती, आणि रेलचा जोडही त्याच पॅनेलखाली होता. वॉशर टाकून, जम्पर लावून पुन्हा मोजल्यावर सगळ्या फ्रेम 0.5 ओहमच्या आत आल्या.

ही मोजणी करताना मीटरची टोके आधी एकमेकांना टेकवून तारांचा रेझिस्टन्स वजा करा. टोक फ्रेमच्या चकचकीत पृष्ठभागावर ठेवले तर चांगली जोडलेली फ्रेमही तुटलेली दिसेल, आणि अर्थच्या बोल्टवर ठेवले तर फक्त तारच तपासली जाईल. फ्रेमच्या आतल्या कडेवर, खालच्या बाजूला, टोकाने लहानसा ओरखडा काढून तिथे मोजा. हे काम परवानाधारक वायरमनकडून, इन्व्हर्टर बंद करून करून घ्या.

शक्य असेल तर ही मोजणी कंपनीच्या पाहणीआधी, विक्रेत्याचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी व्हावी. प्रत्येक पॅनेलचा आकडा एका कागदावर लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्या. करारात पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, त्यामुळे पुढे आकडा वाढला तर जोड पुन्हा कसून देणे त्याच्याच जबाबदारीत येते. पहिली फेरमोजणी पहिला पावसाळा संपल्यावर करा, कारण ओलावा आणि दिवस-रात्रीच्या तापमानाचा ताण याने सैल जोड सर्वांत आधी तेव्हाच उघडे पडतात.