उत्तर बरोबर आहे हे खेळ कधी सांगतो? गुन्हेकथांच्या वाचकांसाठी माहितीपत्रक

गुन्हेकथा वाचताना तुम्ही अधूनमधून पुस्तक मिटून विचार करत असाल, संशयितांची नावं मागच्या पानावर टिपत असाल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. इथे सुचवलेल्या तीन संगणकीय खेळांत आणि एका कागदी खेळात गोळ्या झाडायच्या नाहीत, घड्याळाशी शर्यत नाही आणि बोटांची चपळाईही लागत नाही. मध्येच थांबलात तर काही बिघडत नाही.

खेळ निवडताना ग्राहक सहसा विचारतात की कथा कशी आहे, किती तासांची आहे. आमच्या मते त्याआधी एक गोष्ट पाहावी: तुमचा तर्क बरोबर आहे की चूक, हे खेळ कधी आणि किती सांगतो? पुस्तकात शेवटच्या प्रकरणापर्यंत तुमचा अंदाज कोणी तपासत नाही. खेळात मात्र तपासणी सतत चालू असते, आणि ती कशी होते यावर तुम्ही खरोखर विचार कराल की नुसते पर्याय बदलत बसाल हे ठरतं.

तीन-तीनच्या गटात तपासणी: रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (2018)

वाचकांना आम्ही सर्वांत आधी सुचवतो तो हा खेळ. तो ल्युकस पोप यांनी बनवला आहे. वर्ष 1807. अनेक वर्षं बेपत्ता असलेलं एक व्यापारी जहाज परत येतं, पण त्यावर जिवंत कोणी दिसत नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे निरीक्षक आहात. जहाजावरच्या 60 जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कोणी मारलं असल्यास कोणी, हे तुम्हाला एका वहीत भरायचं आहे.

तुमच्याकडे एक खिशातलं घड्याळ असतं. मृतदेहापाशी ते उघडलं की आधी मृत्यूपूर्वीचे आवाज ऐकू येतात, मग मृत्यूचा क्षण गोठलेल्या दृश्यात उभा राहतो. त्या दृश्यात फिरून प्रत्येक चेहरा, पोशाख, हातातली वस्तू पाहता येते. वहीत खलाशांची आणि प्रवाशांची यादी असते. तिच्यात नाव, काम आणि मूळ देश दिलेला असतो. सगळ्यांची रेखाचित्रंही असतात, पण चित्राखाली नाव नसतं. चेहरा आणि नाव यांची जोडी जुळवणं हेच तुमचं काम.

नोंद भरली की खेळ लगेच काही बोलत नाही. तीन जणांच्या नोंदी पूर्ण बरोबर झाल्या की त्या एकदम पक्क्या होतात. यामुळे एकेका माणसासाठी नावं फिरवून पाहण्याचा काही उपयोग होत नाही, पण आपण वाट चुकलोय का हेही फार काळ अंधारात राहत नाही.

हे कसं चालतं ते एका काल्पनिक जहाजाच्या उदाहरणातून पाहू, म्हणजे खऱ्या खेळातलं काही फुटणार नाही. एका दृश्यात एक माणूस फळीची गळती बुजवतोय आणि शेजारचा तरुण त्याला खिळे देतोय. यादीत सुतार एकच आहे आणि सुताराचा मदतनीसही एकच. कोण कोणाला हुकूम देतो हे आवाजातून कळतं, म्हणून ही दोन नावं तुम्ही पक्की धरता. तिसरा माणूस खलाशी आहे. त्याची भाषा ओळखून देश कळतो, पण त्या देशाचे दोन खलाशी यादीत आहेत. सुतार डोलकाठीखाली चिरडला गेला, मदतनीस बुडाला, खलाशाला गोळी लागली, अशा तीन नोंदी तुम्ही भरता. खलाशासाठी पहिलं नाव टाकलं, काही झालं नाही. दुसरं टाकलं, तरीही काही नाही.

बहुतेक जण इथे तिसरं, चौथं नाव टाकायला लागतात. पण खलाशाचे पर्याय दोनच होते आणि दोन्ही वापरून झाले आहेत. मग चूक त्याच्या नावात नसून तुम्ही पक्क्या धरलेल्या नोंदींपैकी एखादीत असणार, किंवा देशाचा अंदाजच चुकला असणार. आधी सगळ्यांत कमकुवत दुवा शोधा. मदतनीस बुडाला असं तुम्ही लिहिलंत, पण दृश्यात तो बुडताना दिसला का? दिसलं एवढंच की तो कठड्यावरून खाली जातोय. मृत्यूच्या कारणांच्या यादीत 'बुडाला' आणि 'जहाजावरून पडला' हे वेगळे पर्याय असू शकतात. कारण बदललंत आणि दुसऱ्या नावासह तिन्ही नोंदी पक्क्या झाल्या. शंका दोन जागी होती आणि प्रत्येक जागी दोन पर्याय होते, म्हणजे एकूण चार शक्यता. एवढ्या तपासणं हा तर्कच आहे. प्रत्येक जागी दहा पर्याय उरले असतील, तर तो नुसता जुगार आहे. त्या माणसाला सोडून पुढे जावं.

खऱ्या खेळात काही मृत्यूंसाठी एकाहून जास्त कारणं बरोबर मानली जातात. त्यामुळे अडल्यावर साधारणपणे आधी नाव तपासा आणि कारणाकडे नंतर वळा, मात्र वरच्या उदाहरणासारखं कारणच कच्चं दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

वहीतली एक सोय बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रेखाचित्रातला चेहरा धूसर असेल, तर त्या माणसाला ओळखण्याइतके धागेदोरे तुमच्या हाती अजून आलेले नाहीत. चेहरा स्पष्ट झाला की पुरावा तुम्ही पाहिलेल्या दृश्यांत कुठेतरी आहेच. म्हणून धूसर चेहऱ्यांवर डोकं घालवू नका. स्पष्ट चेहऱ्याला खूण केली की तो माणूस कोणकोणत्या दृश्यांत आहे हे वही दाखवते. त्या दृश्यांत त्याच्याकडे न पाहता तो कोणाजवळ उभा आहे, कुठे झोपतो, कोणतं काम करतो हे पाहा.

या खेळाची एक अडचणही आहे. दृश्य पुन्हा पाहायचं असेल तर वहीतून थेट जाता येत नाही, जहाजावर चालत त्या मृतदेहापाशी जावं लागतं. म्हणून दृश्य सोडण्याआधी सगळा परिसर एकदा फिरून घ्या, मृताकडे पाठ करूनही पाहा. चित्रण संपूर्ण दोन रंगांत आहे. डोळ्यांना त्रास झाला तर सेटिंगमधून रंगांची जोडी बदलता येते. दृश्यांत रक्तपात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जवळजवळ बरोबर असल्याचा इशारा: द केस ऑफ द गोल्डन आयडॉल (2022)

इथे अठराव्या शतकातली प्रकरणं एकेक करून सोडवायची असतात. गोठलेल्या चित्रात वस्तू, खिसे, पत्रं तपासून शब्द गोळा करायचे आणि मग ते शब्द वाक्यांतल्या रिकाम्या जागी बसवायचे. सगळ्या जागा भरल्यावर दोन किंवा त्याहून कमी शब्द चुकले असतील तर खेळ तसं सांगतो. त्याहून जास्त चुका असतील तर फक्त उत्तर चूक आहे एवढंच कळतं.

हा इशारा मदतही करतो आणि घातही. तो दिसला की हात आपोआप शब्दांची अदलाबदल करायला लागतात, आणि कधीकधी उत्तर बसतंही. पण ते का बसलं हे कळत नाही, आणि पुढच्या प्रकरणात तीच माणसं परत आली की सगळं विस्कटतं. आमचा सल्ला असा: इशारा आला की शब्द बदलू नका. आधी ठरवा की कोणत्या दोन शब्दांसाठी तुमच्याकडे चित्रातला पुरावा नाही, मग त्याच दोन जागांसाठी चित्रात परत जा. चेहऱ्यांना नावं देण्याची चौकट वेगळी तपासली जाते. ती आधी पूर्ण केलीत तर मुख्य वाक्यातली नावं पक्की होतात आणि शंका हत्यार आणि हेतूपुरती उरते.

छोट्या बैठका हव्या असणाऱ्यांना हा खेळ ओब्रा डिनपेक्षा सोयीचा आहे. एक प्रकरण संपलं की थांबता येतं, आणि चार दिवसांनी परत आलात तरी फार काही विसरलेलं नसतं.

कोणीच तपासत नाही: हर स्टोरी (2015)

सॅम बार्लो यांचा हा खेळ म्हणजे पोलिसांचा एक जुना संगणक आहे. त्यात 1994 साली एका स्त्रीच्या घेतलेल्या सात जबान्यांचे तुकडे साठवलेले आहेत. तुम्ही इंग्रजीत एखादा शब्द टाइप करता आणि तो शब्द ज्या तुकड्यांत ती बोलते ते तुकडे समोर येतात. सुरुवातीला `MURDER` हा शब्द आधीच लिहिलेला असतो.

शोधात कितीही तुकडे सापडले तरी फक्त पहिले पाच दिसतात, आणि तेही जबानीच्या तारखेच्या क्रमाने. त्यामुळे वारंवार येणारा शब्द टाकलात तर पहिल्या जबान्यांचेच तुकडे परत परत दिसतात आणि शेवटच्या जबान्या दडून राहतात. ग्राहक कंटाळून खेळ सोडतात ते बहुधा इथेच. यावर उपाय म्हणजे विरळा शब्द शोधणं. तुकडा पाहताना तिने सहज उच्चारलेली वस्तू, जागेचं नाव, एखाद्या माणसाचं नाव कागदावर टिपा आणि तेच पुढे शोधा. शब्द नेहमीचाच असेल तर त्याला दुसरा शब्द जोडा, म्हणजे यादी आखडते. प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वेळ असते. कागदावर सात रकाने आखून तुकडे त्यांत मांडलेत तर कोणत्या दिवशीचं कमी ऐकलंय हे लगेच दिसतं. तिचे कपडेही जबानीगणिक बदलतात, त्याचीही खूण होते.

या खेळात शेवटी निकाल नाही. तुमचं मत बरोबर होतं का, हे कोणी सांगत नाही. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांना हे चालणार नाही. त्यांनी वरच्या दोनपैकी एक घ्यावा. पण पुस्तक संपल्यावरही निवेदकाच्या खरेपणावर वाद घालायला ज्यांना आवडतं, त्यांना याच्याइतका योग्य खेळ आमच्याकडे दुसरा नाही.

पडदा नको असेल तर

शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह हा 1981 पासूनचा कागदी खेळ एकट्यानेही खेळता येतो. लंडनचा नकाशा, पत्त्यांची यादी, वर्तमानपत्रं आणि प्रकरणांच्या पुस्तिका एवढंच सामान. कोणाला भेटायचं ते ठरवायचं, पत्ता शोधायचा आणि पुस्तिकेतला तेवढाच मजकूर वाचायचा. पुस्तिका सलग वाचू नका, नजर शेजारच्या परिच्छेदावर गेली तरी धागा फुटतो. एक कोरा कागद झाकण म्हणून वापरा. प्रकरणं क्रमानेच खेळा, कारण आधीची वर्तमानपत्रं पुढच्या प्रकरणांतही लागतात. शेवटी प्रश्नांची उत्तरं देऊन गुण मोजायचे असतात आणि होम्सपेक्षा जास्त ठिकाणी फिरलात तर गुण कापले जातात. होम्स फार थोड्या भेटींत उलगडा करतो, म्हणून ते गुण मनावर घेऊ नका आणि हव्या तितक्या भेटी द्या. तपासणी मात्र एकदाच होते. उत्तरं वाचली की ते प्रकरण तुमच्यापुरतं संपलं.

अडलात आणि आम्हाला विचारायचं असेल तर

खेळाचं नाव, कोणत्या प्रकरणात किंवा दृश्यात आहात, कोणत्या नोंदी पक्क्या झाल्या आहेत आणि तुमचा सध्याचा तर्क काय, एवढं लिहून पाठवा. त्यावरून आम्ही आधी फक्त कुठे पाहावं ते सांगतो, मग काय पाहावं ते, आणि उत्तर तुम्ही स्पष्ट मागितलंत तरच. इंटरनेटवर उत्तर शोधू नका असा आग्रह आहे, कारण शोधाच्या निकालांतलं पहिलंच वाक्य पुष्कळदा खुन्याचं नाव सांगून मोकळं होतं.