डॉलर-रुपयाचा सौदा करण्याआधी : जोडी, पिप, लॉट आणि लिव्हरेज
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे चलनाच्या सौद्यांची चौकशी करणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले म्हणजे द्राक्षं, बेदाणे किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले सुटे भाग बाहेर पाठवणारे. त्यांचे डॉलर दोन महिन्यांनी येणार असतात आणि तोवर भाव पडेल का, ही त्यांची काळजी असते. दुसरे मोबाइलवरचं एखादं ॲप दाखवून विचारतात, ‘हे घ्यावं का?’ शब्द दोघांनाही तेच भेटतात, पण त्या शब्दांमागचे आकडे पूर्ण वेगळे असतात. म्हणून आधी एक्स्चेंजवरचा डॉलर-रुपयाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारा सौदा, नीट पाहू आणि ॲपकडे नंतर वळू.

जोडी

चलनाला एकट्याचा भाव नसतो, तो कायम दुसऱ्या चलनात सांगावा लागतो. स्क्रीनवर USDINR दिसतं तेव्हा पहिलं नाव ‘माल’ आणि दुसरं नाव ‘पैसे’ असं धरायचं. भाव ८५.४० असेल तर एक डॉलर घ्यायला ८५ रुपये ४० पैसे लागतात. जोडी विकत घेतली म्हणजे डॉलर घेतला, आणि विकली म्हणजे डॉलर विकून रुपये घेतले. निर्यातदाराला पुढे डॉलर मिळणार असतात, म्हणून तो आज वायदा विकतो. आयातदार, किंवा मुलीची परदेशातली फी भरायची आहे असे पालक, वायदा घेतात. हे सोपं वाटतं, पण पहिल्या सौद्यात घोळ होतो तो नेमका इथेच. डॉलर वाढणार असं वाटतं म्हणून निर्यातदारही ‘बाय’ दाबतो. त्याला येणारा डॉलर त्याच्या खिशात आधीच असल्यासारखा आहे. वर आणखी डॉलर घेतला की संरक्षण मिळत नाही, उलट जोखीम दुप्पट होते.

आपल्या एक्स्चेंजवर रुपयाच्या चार जोड्या आहेत : डॉलर, युरो, पाउंड आणि येन. येनचा भाव १०० येनला असा सांगतात, ते ध्यानात ठेवा. युरो-डॉलरसारख्या रुपया नसलेल्या जोड्याही आहेत, पण तिथे उलाढाल विरळ असते. घ्यायचा आणि विकायचा भाव यांत अंतर जास्त पडतं, त्यामुळे नवख्याला आम्ही त्या सुचवत नाही.

पिप, टिक आणि पैसा

भाव ज्या लहानात लहान टप्प्याने मोजतात त्याला परदेशी बाजारात पिप म्हणतात. युरो-डॉलरमध्ये तो दशांशानंतरचा चौथा अंक. १.०८४० चा १.०८४१ झाला की एक पिप. ज्या जोड्यांत भाव येनमध्ये सांगतात, तिथे पिप दुसऱ्या अंकावर मोजतात. पुष्कळ ॲपवर त्यापुढे आणखी एक लहान अंक दिसतो. तो पिपचा दहावा भाग असतो, त्याला पिप समजलं की हिशोब दहा पटींनी चुकतो.

आपल्या डॉलर-रुपया वायद्यात भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे ०.००२५ रुपये. त्याला टिक म्हणतात. प्रत्यक्ष बोलताना मात्र आमच्या डेस्कवर सगळे पैशांतच बोलतात : ‘डॉलर आज बावीस पैसे वर आहे.’ तुम्हीही पैशातच विचार करा, हिशोब तोंडी होतो.

लॉट

एक्स्चेंजवरचा डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा असतो. म्हणून भाव एक पैसा हलला की एका लॉटमागे दहा रुपये, आणि एक रुपया हलला की हजार रुपये. एवढं पाठ असलं की कॅल्क्युलेटर लागत नाही.

समजा, तुम्ही दुबईला द्राक्षांचा एक कंटेनर पाठवला आहे आणि त्याचे २०,००० डॉलर पुढच्या महिन्याच्या अखेरीस यायचे आहेत. तुम्ही २० लॉट विकायचे. एकवीस नाही, चाळीस तर नाहीच. वायदे महिन्याचे असतात. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, दुपारी साडेबाराला त्या महिन्याचा वायदा संपतो. डॉलर कुणी कुणाला देत नाही. त्या दिवशी जाहीर होणाऱ्या अधिकृत संदर्भ दराने फक्त रुपयांतला फरक जमा किंवा वजा होतो. पैसे त्यानंतर येणार असतील तर त्यापुढच्या महिन्याचा वायदा निवडा.

लिव्हरेज म्हणजे काय आणि पैसे कुठे अडकतात

वरचे २० लॉट ८५.४० ला विकले तर सौद्याची किंमत १७,०८,००० रुपये होते. एवढी रक्कम भरावी लागत नाही, फक्त मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, ठेवावं लागतं. ते बाजाराच्या हालचालीनुसार बदलतं. उदाहरणापुरतं एका लॉटला २,५०० रुपये, म्हणजे एकूण ५०,००० धरू. १७ लाखांचा सौदा ५० हजारांवर उभा आहे, म्हणजे लिव्हरेज साधारण ३४ पट. त्याचा अर्थ असा : भाव एक टक्का, म्हणजे सुमारे ८५ पैसे, उलटा गेला की मार्जिनच्या ३४ टक्के रक्कम जाते.

आता डॉलर वाढला असं धरू. पहिल्या दिवशी वायदा ८५.६२ ला बंद झाला. तुमच्या विरुद्ध २२ पैसे, गुणिले दहा, गुणिले वीस लॉट : ४,४०० रुपये खात्यातून गेले. दुसऱ्या दिवशी ८५.९५ ला बंद झाला, आणखी ३३ पैसे म्हणजे ६,६०० रुपये. दोन दिवसांत ११,००० रुपये. हे कागदावरचं नुकसान नसतं. रोजचा फरक रोज रोखीने वळता होतो, त्याला ‘एमटीएम’ म्हणतात. आमच्याकडून फोन येतो तो याच रकमेसाठी. ती वेळेत भरली नाही तर सौदा कापावा लागतो, आणि तो नेमका वाईट भावाला कापला जातो.

पुढे वायदा संपताना भाव ८६.२० ठरला असं समजा. एकूण ८० पैसे विरुद्ध, म्हणजे वायद्यात १६,००० रुपये गेले. पण बँकेत तुमचे २०,००० डॉलर ८६.२० ने बदलले तर १७,२४,००० मिळतात. त्यातून १६,००० वजा केले की १७,०८,०००. उलट डॉलर पडून ८४.६० झाला असता तर बँकेतून १६,९२,००० आले असते आणि वायद्यातून १६,००० मिळाले असते. बेरीज तीच. (प्रत्यक्षात बँकेचा दर संदर्भ दरापेक्षा काही पैशांनी वेगळा असतो, शिवाय दलाली आणि कर आहेतच. त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल.)

म्हणजे शेवटी नुकसान नाही, पण दरम्यान रोकड लागते. द्राक्षाचे पैसे महिन्याने येणार आणि एमटीएम आज भरायचं, या फटीत बरेच जण सापडतात. म्हणून मार्जिनशिवाय एका लॉटमागे आणखी २,००० रुपये बाजूला ठेवा असं आम्ही सांगतो. २० लॉटला ४०,००० होतात, म्हणजे भाव दोन रुपये उलटा गेला तरी तुमचा सौदा तगतो. एवढी रोकड अडकवणं परवडत नसेल तर तुमच्या बँकेकडे फॉरवर्ड करारासाठी, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशीच आज ठरवण्यासाठी, विचारा. त्यात सहसा रोजची वळती नसते आणि पैसे येण्याची तारीखही तुमच्या सोयीने ठरते. त्यातून आम्हाला दलाली मिळत नाही, पण एकाच कंटेनरसाठी तो मार्ग अनेकदा बरा पडतो.

ॲपवरचा ‘एक लॉट’

आता तो दुसरा प्रश्न. परदेशी ॲपवर एक लॉट म्हणजे १,००,००० एकक. आपल्या लॉटच्या शंभर पट. तिथे मिनी लॉट १०,००० चा आणि मायक्रो लॉट १,००० चा असतो. युरो-डॉलरच्या पूर्ण लॉटमध्ये एका पिपला दहा डॉलर होतात.

समजा, कुणी ३०० डॉलर भरले आणि ॲपने पाचशे पट लिव्हरेज दिलं. भाव १.०८०० असताना एक लॉट घेतला : सौदा १,०८,००० डॉलरचा, मार्जिन २१६ डॉलर. खरेदी-विक्रीच्या भावात दीड पिपचं अंतर असेल तर बटण दाबताक्षणी १५ डॉलर गेले. खात्यातली शिल्लक मार्जिनच्या निम्मी, म्हणजे १०८ डॉलर, उरली की सौदा आपोआप बंद होईल असा नियम असेल, तर त्यासाठी १८ पिपच्या आसपास हालचाल पुरे. युरो-डॉलर एवढा कुठल्याही साध्या दिवशी हलतो. तुमचा अंदाज बरोबर होता की चूक, याला तिथे अर्थच उरत नाही, दिशा दिसण्याआधी खातं संपतं. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी मोठ्या जोड्यांवर ३० पटींची मर्यादा घातली, त्यामागे हेच गणित होतं.

स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक भावाला सौदा आपोआप कापण्याची सूचना, लावला की वाचलो, असंही नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकचा दिलेला आधार अचानक काढला. काही मिनिटांत भाव १ च्या खाली गेला. १.१९ वर स्टॉप लावून बसलेल्यांना तो भाव मिळालाच नाही, मधे घेणाराच नव्हता. लिव्हरेज जास्त असलेल्यांची खाती शून्याखाली गेली.

कायद्याचा भाग थोडक्यात. भारतात राहणाऱ्याने चलनाचे असे सौदे मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या व्यासपीठावरच करायचे आहेत. परदेशात पैसे पाठवण्याची सोय देणारी उदारीकृत रेमिटन्स योजना आहे, पण परदेशी ॲपला मार्जिन म्हणून पैसे पाठवायला तिच्यातही मुभा नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. परवानगी नसलेल्या व्यासपीठांची सावधानता यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये ती प्रथम आली आणि तिच्यात भर पडत असते. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं मात्र नव्हे. ॲपवाल्याने पैसे कुणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले, तर पुढचं काही तपासण्याची गरज नाही.

खातं उघडायला येताना

मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांत सौदा करणाऱ्याकडे त्या परकी चलनातली खरी देणी-घेणी असणं आवश्यक आहे. १० कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवावे लागत नाहीत, पण विचारणा झाली तर दाखवता आले पाहिजेत. आणि ज्या व्यवहारासाठी बँकेत फॉरवर्ड केला, त्याच्यासाठी पुन्हा इथे वायदा करता येत नाही. तेव्हा पॅन, आधार आणि बँकेच्या तपशिलाबरोबर निर्यातीचं बीजक, ऑर्डर किंवा विद्यापीठाचं फीचं पत्र, जे असेल त्याची एक प्रत आणा. त्यावरची रक्कम आणि तारीख पाहून किती लॉट आणि कोणत्या महिन्याचा वायदा, हे आपण समोरासमोर बसून ठरवू. डॉलर-रुपयाचा बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालतो. पहिल्या सौद्यासाठी दुपारी साडेतीननंतर यावं, शेअर बाजार बंद झालेला असतो आणि आम्हाला बोलायला सवड असते.