ऋणनिर्देश (उत्तरकार्यानंतरचा)

घरातील व्यक्तीचे दिवसकार्य आटोपल्यावर कुटुंबीयांनी आप्तेष्टांना व स्नेह्यांना पाठवायचा छोटा आभारमजकूर. तो पूर्वी पोस्टकार्डावर किंवा छापील कार्डावर जाई. आता वृत्तपत्रातील चौकटीत किंवा व्हॉट्सॲपवर.

उगमाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. काळ्या किनारीचे छापील आभारकार्ड ही इंग्रजी रीत. ती आपल्याकडे छापखान्यांबरोबर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली असावी. भारतात पोस्टकार्ड 1879 मध्ये सुरू झाल्यावर असा मजकूर स्वस्तात धाडणे शक्य झाले. मात्र पेशवाईत दुखवट्याची वस्त्रे पाठवण्याचा रिवाज होता आणि आलेल्या वस्त्रांची पोच देणे ओघानेच येई. मजकुराचा साचा इंग्रजी असला, तरी त्यामागचे कर्तव्य देशी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हा मजकूर तेराव्यानंतरच का, याचे उत्तर पत्रलेखनाच्या संकेतांत आहे. सुतकात नमस्कार करत नाहीत. आणि मराठी पत्राचा मायनाच ‘नमस्कार विनंती विशेष’ असा. निधनाच्या पत्रावर ‘श्री’ नसे. त्याचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवत नसत. ऋणनिर्देशाच्या माथ्यावर मात्र ‘श्री’ परत येतो.

‘दुःखात आभार मानायचे नसतात’ हा आक्षेप जुना आहे. म्हणूनच ‘आभार’ऐवजी ‘ऋण’ हा शब्द रूढ झाला असावा: आभार मानले की हिशेब मिटल्यासारखा वाटतो, ऋण शिल्लक राहते.

पुढील नमुन्यात लेखनाची पद्धत दिसते:

‘आमच्या आईचे सर्व दिवसकार्य काल पार पडले. तिच्या आजारात रात्री दवाखान्यात बसलेले शेजारी, गावाहून आलेले मामा-मावशी आणि तेरा दिवस आमच्या घरी डबा पोचवणारी मंडळी, सर्वांच्या ऋणात आम्ही आहोत. प्रत्येकाला भेटणे जमले नाही, त्याबद्दल क्षमस्व.’

यात दुःखाचा उच्चार नाही, ऋणाचा एकदाच आहे. भार पडतो तो डब्यावर आणि रात्रीच्या जागरणावर. मजकूर बिघडतो तो बहुधा ‘दुःखद’, ‘अतीव दुःख’, ‘दुःखात सहभागी’ असा एकच शब्द तीन ओळींत फिरू लागला की. नावांची यादी दिल्यास एखादे राहतेच आणि मग रुसवा होतो. त्यापेक्षा काम सांगावे, नाव नाही. ‘कै. श्री.’ ही जोडी वारंवार दिसते, पण संकेताने ‘श्री’ हयात व्यक्तीस लावतात. सहीच्या वर ‘शोकाकुल’ हा शब्द निधनवार्तेत शोभतो. येथे ‘आपले ऋणी’ किंवा नुसती घरातील वडीलधाऱ्याची सही पुरते.

बौद्ध कुटुंबांत ‘कै.’ऐवजी ‘कालकथित’ लिहितात आणि मजकूर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर निघतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत तो महिन्याच्या मिसेच्या, म्हणजे निधनाला महिना झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधीच्या सुमारास दिला जातो.