एका युनिटमागे किती कार्बन? सौर, पवन आणि जलविद्युत यांची तुलना गोव्यातून करताना

शेवटच्या वर्षाच्या निबंधात एक तक्ता बहुतेक वेळा असतोच. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४ च्या अहवालातले मध्यक आकडे त्यात उतरवलेले असतात : छपरावरची सौर वीज ४१, जमिनीवरची पवन वीज ११, जलविद्युत २४ आणि शेजारी कोळसा ८२०. एकक असते दर युनिटमागे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड समतुल्य. आकडे बरोबर आहेत, पण तेवढ्यावरून ‘पवन सर्वांत चांगली’ असा निष्कर्ष काढला की निबंध फसतो. हे आकडे म्हणजे त्या तंत्रज्ञानाचा अंगभूत गुण नव्हे. तो एक भागाकार आहे. वर यंत्र तयार करण्यापासून मोडीत काढेपर्यंतचे एकूण उत्सर्जन आणि खाली त्या यंत्राने आयुष्यभरात दिलेली वीज. खालची संख्या जागेवर अवलंबून असते आणि गोव्यात ती वेगळी येते.

म्हणून पहिले काम म्हणजे कार्यात्मक एकक, म्हणजे उत्सर्जन नेमके कशामागे मोजायचे ते, ठरवणे. अशा जन्मापासून मोडीपर्यंतच्या हिशेबाची, म्हणजे जीवनचक्र मूल्यांकनाची, पद्धत आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत दिली आहे आणि दोन्ही मानके एककापासूनच सुरुवात करायला लावतात. ‘एक युनिट वीज’ एवढे लिहून भागत नाही. ती पवनचक्कीच्या पायथ्याशी मोजलेली की म्हापशातल्या घराच्या मीटरवर पोचलेली, हेही लिहावे लागते. इथे आपण ‘गोव्यातल्या ग्राहकाच्या मीटरवर पोचलेले एक युनिट’ असे एकक धरू.

आता ३ किलोवॉटचे छपरावरचे सौर संयंत्र घेऊ. पॅनेल, ॲल्युमिनियमची चौकट, लोखंडी सांगाडा, तारा, इन्व्हर्टर आणि बारा-एक वर्षांनी बदलावा लागणारा दुसरा इन्व्हर्टर या सगळ्यांचे मिळून किलोवॉटमागे १,३०० किलो उत्सर्जन गृहीत धरू, म्हणजे एकूण ३,९०० किलो. यातला मोठा वाटा सिलिकॉनचा असतो. ते शुद्ध करताना हजार अंशांच्या वर तापवावे लागते आणि ती वीज कोळशाची असेल तर पॅनेल ‘काळे’ होऊनच आपल्याकडे येते. त्यामुळे पॅनेल कुठे बनले, हे आधी शोधावे.

खालची बाजू अशी : किलोवॉटमागे वर्षाला १,३५० युनिट धरले तर पहिल्या वर्षी ४,०५० युनिट मिळतात. दर वर्षी अर्धा टक्का घट आणि २५ वर्षांचे आयुष्य धरले की सरासरी ९४ टक्के उत्पादन उरते आणि एकूण सुमारे ९५,२०० युनिट होतात. ३,९०० किलोला या संख्येने भागले की ४१ ग्रॅम येतात. गृहीतके मुद्दाम गोल घेतली आहेत, पण उत्तर आयपीसीसीच्या मध्यकाला जाऊन मिळते. तुमच्या हिशेबात काही मोठे सुटलेले नाही, याची ही एक खूण.

आता एकेक गोष्ट हलवून पाहा. समोरच्या माडांची सावली दुपारनंतर पॅनेलवर पडते आणि उत्पादन १,१०० युनिटांवर येते असे समजा : तेच संयंत्र ५० ग्रॅमवर जाते. सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी मालिकेत जोडलेल्या इतर पॅनेलचेही उत्पादन खाली येऊ शकते, म्हणून प्रत्यक्ष घट सावलीच्या क्षेत्रापेक्षा मोठी असते. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजला आणि मधेच बदलावा लागला, तर वरची संख्याही वाढते. दुसरीकडे, पॅनेल ३० वर्षे टिकले असे कोणी धरले तर उत्तर ३५ च्या आसपास येते. मग एका लेखातला २० वर्षांचा आकडा आणि दुसऱ्यातला ३० वर्षांचा आकडा शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला काय अर्थ राहिला? दोन्ही आकडे एकाच आयुष्यमानावर आणून मगच तक्त्यात घाला. निबंधात ही चूक सर्वांत जास्त सापडते आणि तिला दोन ओळींचे गणितच पुरते.

पवनऊर्जेला भागाकाराचा हाच नियम अधिक कडकपणे लागू होतो, कारण टॉवरचे पोलाद आणि पायाचे काँक्रीट वारा असो-नसो तेवढेच लागते. २ मेगावॉटच्या यंत्राचे एकूण उत्सर्जन १,००० टन आणि आयुष्य २० वर्षे धरू. भारांक म्हणजे यंत्र सतत पूर्ण क्षमतेने चालले असते तर मिळाली असती त्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळालेला वाटा. तो २५ टक्के असेल तर सुमारे ११ ग्रॅम येतात, १५ टक्के असेल तर १९. गोव्यात वारा पुरेसा नाही, म्हणून गदग किंवा साताऱ्याकडची वीज इथे आणली असे मानू. वाटेत सात टक्के गळती धरली तर ११.४ चे १२.३ होतात. फरक लहान आहे, पण एकक ‘ग्राहकाच्या मीटरवर’ ठेवले नसते तर तो दिसलाच नसता.

खरी अडचण जलविद्युतची. आयपीसीसीच्या त्याच तक्त्यात तिचा पल्ला १ ते २,२०० ग्रॅम इतका आहे. एवढ्या रुंद पल्ल्यात २४ हा मध्यक एकटा लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल. कारण धरणाखाली बुडालेली झाडे, पाने आणि माती तळाशी प्राणवायूविना कुजतात आणि मिथेन तयार होतो. उष्ण कटिबंधातल्या पाण्यात हे वेगाने होते, पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त. टर्बाइनसाठी खोलवरचे पाणी घेतले की दाब उतरताच त्यात विरघळलेला मिथेन हवेत निसटतो.

कोणते धरण कुठे बसते, याचा ढोबळ अंदाज शक्तिघनतेवरून येतो : स्थापित क्षमता भागिले जलाशयाचे क्षेत्र. उत्सर्जन टाळणाऱ्या प्रकल्पांना कार्बन श्रेय देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत चौरस मीटरमागे ४ वॉटपेक्षा कमी घनतेचे जलाशयी प्रकल्प अपात्र होते, ४ ते १० वॉटच्या प्रकल्पांना युनिटमागे ९० ग्रॅम धरायचे होते आणि त्यापुढे जलाशयाचे उत्सर्जन शून्य मानले जाई. ब्राझीलमधल्या बालबिना धरणाची क्षमता २५० मेगावॉट, जलाशय सुमारे २,३६० चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम ०.१ वॉट. कोयनेला पाणी पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पडते. तिथे १,९६० मेगावॉटला सुमारे ११५ चौरस किलोमीटर जलाशय आहे, म्हणजे १७ वॉट. दोन्हींना ‘जलविद्युत’ म्हणून एका ओळीत बसवता येत नाही.

मिथेनचे वजन किती धरायचे, हेही लिहावे लागते. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट. सौर आणि पवनचे आकडे यामुळे फारसे हलत नाहीत, जलाशयाचे मात्र जवळजवळ तिप्पट होऊ शकतात.

गोव्याजवळ आणखी एक पेच आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या तिळारी प्रकल्पाच्या खोऱ्यात वीज होते आणि कालव्यांतून बारदेस, पेडणे, डिचोलीकडे पाणीही जाते. अशा बहुउद्देशी प्रकल्पात धरणाच्या काँक्रीटचा भार विजेवर किती टाकायचा आणि शेतीवर किती? पाण्याच्या प्रमाणात वाटला तर एक उत्तर, पैशाच्या मूल्यानुसार वाटला तर दुसरे. मानक सांगते की वाटणीची पद्धत उघड लिहा आणि ती बदलून निकाल किती बदलतो ते दाखवा. गोव्यातल्या साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी गाव यापैकी कोणत्याही आकड्यात येत नाही. विस्थापन ग्रॅममध्ये मोजता येत नाही, म्हणून त्याला निबंधात वेगळा परिच्छेद द्या.

शेवटी काळाचा प्रश्न. गोव्यात जुलैमध्ये सौर उत्पादन पडते, नेमका तेव्हाच घाटमाथ्यावर वारा जोरात असतो आणि धरणे भरत असतात. वार्षिक सरासरीचा ४१ ग्रॅम हा आकडा हे झाकतो. छपरावरच्या संयंत्राला ५ युनिटांची लिथियम बॅटरी जोडली, तिचे उत्सर्जन युनिट-क्षमतेमागे १०० किलो धरले आणि ती एकदा बदलली, तर ३,९०० चे ४,९०० किलो होतात आणि उत्तर ५१ ग्रॅमवर जाते. बॅटरीत वाया जाणारी वीज त्यात अजून धरलेली नाही. एवढे करूनही ती बॅटरी दुपारची वीज रात्रीपर्यंतच नेते. मेची वीज जुलैपर्यंत नेणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून तुलनेतला ५१ हा आकडा ‘रात्रीसाठी साठवणुकीसह’ असाच लिहावा.