शेवटचा ‘नाहीत’ ऐकू यावा म्हणून

माझ्या भाचीला तिच्या वरिष्ठ बाईंच्या निरोप समारंभात बोलायचं होतं. भाषण तिने छान लिहिलं होतं. स्वल्पविराम जागच्या जागी होते, आणि प्रत्येक स्वल्पविरामावर तिने लाल पेनाने श्वासाची खूण केली होती. मला वाचून दाखवताना मात्र दुसऱ्याच वाक्याला तिचा आवाज बसला.

ते वाक्य असं होतं: “गेली बारा वर्षं ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्या आमच्या मॅडम, चूक झाली की रागावण्याऐवजी शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि ती चूक नेमकी कुठे झाली हे मला स्वतःला सापडेपर्यंत उठायच्या नाहीत.”

मला ऐकू आलं ते “सापडेपर्यंत उठायच्या” एवढंच. पुढचा ‘नाहीत’ घशातच राहिला आणि अर्थ नेमका उलटा झाला.

“मामा, खुणा तर सगळ्या पाळल्या मी,” ती म्हणाली. खरंच पाळल्या होत्या. चूक खुणांच्या जागांची होती.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागे. वाक्याचा सगळा भार शेपटाकडे असतो, आणि श्वास संपतो तोही तिथेच. घाबरलेल्या वक्त्याला हे फार महागात पडतं. ते का, हे समजायला आधी बोलताना हवेचं काय होतं ते पाहू.

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 16 वेळा श्वास घेतो. त्यात हवा आत घेण्याचा आणि बाहेर सोडण्याचा वेळ फार वेगळा नसतो. बोलायला लागलो की हे गणित पार बदलतं. हवा अर्ध्या-पाऊण सेकंदात झटकन आत घेतली जाते आणि पुढचे तीन ते पाच सेकंद ती पुरवून पुरवून सोडली जाते, कारण आवाज त्या बाहेर जाणाऱ्या हवेवरच चालतो. त्यासाठी स्वरतंतूंच्या खाली थोडाच, पण स्थिर दाब लागतो. पेल्यातल्या पाण्यात नळी पाच-सात सेंटिमीटर खोल बुडवून बुडबुडे काढायला जेवढा दाब लागतो, साधारण तेवढा. वाचा-उपचारात याचीच एक साधी चाचणी आहे: नळी पाच सेंटिमीटर बुडवायची आणि बुडबुडे पाच सेकंद एकसारखे काढत राहायचे. ज्याला हे जमतं, त्याच्याकडे नेहमीच्या बोलण्यापुरता दाब आहे असं मानतात.

फुप्फुसं फुगलेली असतात तेव्हा ती आपणहून आकसायला बघतात, त्यामुळे सुरुवातीला दाब जवळजवळ फुकट मिळतो. उलट, श्वास आत घेणारे स्नायूच थोडा वेळ लगाम धरून ठेवतात, नाहीतर हवा भसकन निघून जाईल. नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर छाती ज्या पातळीला विसावते, तिच्या खाली गेलो की मात्र ही फुकटची मदत संपते. मग पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू हवा पिळून काढू लागतात, त्याबरोबर गळाही आवळला जातो, आवाज आधी खरखरतो आणि मग बुडतो. ‘नाहीत’ बुडाला तो असा.

घाबरल्यावर तर ही पातळी लवकर गाठली जाते. श्वास जलद आणि छातीच्या वरच्या भागातला, उथळ होतो. बोलण्याचा वेग वाढतो. शिवाय कितीतरी जण हवा आत येण्याआधीच पहिला शब्द उच्चारून मोकळे होतात. म्हणून घरी खुर्चीत बसून, मनातल्या मनात वाचत केलेल्या खुणा मंचावर फसतात. त्या निवांत फुप्फुसांसाठी केलेल्या असतात.

आता ते वाक्य मोजून पाहू. एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे एक अक्षर असं धरलं (‘काम’ हे मग एकच अक्षर), तर त्या वाक्यात जवळपास 70 अक्षरं आहेत. सेकंदाला पाच या वेगाने तेरा-चौदा सेकंद. भाचीच्या खुणा ‘शिकले’नंतर आणि ‘मॅडम’नंतर होत्या. म्हणजे पहिला श्वास 16 अक्षरांना, दुसरा फक्त पाच अक्षरांना, आणि उरलेली 47 अक्षरं, नऊ-साडेनऊ सेकंद, एकाच श्वासावर. निवांत माणसाला तेही जमेल. घाबरलेल्याने एका श्वासाचं वाटप पंधरा ते पंचवीस अक्षरांपलीकडे नेऊ नये, असं माझं मत आहे. स्वल्पविराम डोळ्यांसाठी असतो, व्याकरणाची जोडणी दिसावी म्हणून. हवा कुठे संपेल याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आम्ही दोनच खुणा ठेवल्या. उभा दंड म्हणजे नुसतं थांबणं, श्वास घ्यायचा नाही. बरोबरची खूण म्हणजे श्वास. आणि प्रत्येक श्वास नव्या ओळीवर:

✓ गेली बारा वर्षं | ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले | त्या आमच्या मॅडम
✓ चूक झाली की | रागावण्याऐवजी शेजारी खुर्ची ओढून बसायच्या
✓ आणि ती चूक नेमकी कुठे झाली | हे मला स्वतःला सापडेपर्यंत | उठायच्या नाहीत.

तिन्ही ओळी वीस ते सव्वीस अक्षरांच्या झाल्या, म्हणजे चार-पाच सेकंदांच्या. तिसरी जरा लांब वाटेल, पण ती ताज्या श्वासावर सुरू होते. ‘सापडेपर्यंत’नंतरचा दंड अगदी बारीक आहे. त्याने श्वास मिळत नाही, पण क्रियापद मोकळं उभं राहतं आणि त्याच्यासाठी हवा राखून ठेवायची आठवण होते.

श्वास ‘आणि’च्या आधी आहे, हेही बघा. घाबरलेला माणूस हमखास उलटं करतो: “बसायच्या आणीऽऽ” असं लांबवून मग हवा ओढतो. वाक्य संपू नये, कुणी मध्ये बोलू नये, म्हणून तो जणू ‘आणि’चा पाय दारात अडकवून ठेवतो. ‘की’चं मात्र वेगळं आहे. ‘चूक झाली की’ यातला ‘की’ मागच्या शब्दाला चिकटून येतो, त्यामुळे दंड त्याच्या नंतर. ‘हाता’ आणि ‘खाली’ यांच्यामध्ये तर कुणी थांबणार नाही, पण ‘हाताखाली’ आणि ‘मी काम शिकले’ यांच्यामध्ये घाबरलेले लोक थांबतात, आणि तेवढ्यानेच वाक्य वाचून दाखवल्यासारखं वाटायला लागतं.

हे शहाणपण आपल्याकडे नवं नाही. वृत्तांत थांबण्याच्या जागेला यती म्हणतात. मंदाक्रांतेच्या 17 अक्षरांच्या ओळीत ती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर येते, शार्दूलविक्रीडिताच्या 19 अक्षरांत बाराव्यानंतर. यती शब्दाच्या मध्येच पडली तर तो दोष, यतिभंग. गद्य भाषणात यती ठरवून देणारं वृत्त नसतं, म्हणून ती आपण पेन्सिलीने ठरवायची. पेन्सिलच, कारण खुणा दोन-तीनदा तरी खोडाव्या लागतात.

क्रम असा ठेवा. भाषण उभं राहून तीनदा मोठ्याने वाचा आणि श्वास आपोआप कुठे घेतला जातो तिथे फिकट टिंब द्या. मग प्रत्येक टिंब जवळच्या अर्थाच्या सांध्यावर सरकवा, शक्यतो मागे, कारण पुढे सरकवलं तर तोवर हवा संपलेली असते. शेवटी दोन जिने भराभर चढून या आणि लगेच वाचा. जिन्याचा दम आणि भीतीचा दम एकच नव्हे, पण दोन्हींत श्वास जलद होतो, आणि कुठली ओळ फार लांब आहे ते लगेच कळतं. तिथे खूण वाढवण्यापेक्षा वाक्य तोडणं बरं. खरं सांगायचं तर भाचीचं ते वाक्यही तोडायला हवं होतं. तिला ते मोडवेना, आणि भाषण तिचं होतं.

खुणा जास्त झाल्या तर उलटीच पंचाईत होते. प्रत्येक खुणेवर छातीभर श्वास घेतला आणि तो न वापरताच पुढचा घेतला, तर हवा साठत जाते. छाती भरलेली असते, तरी माणसाला वाटतं दम लागलाय, म्हणून तो आणखी ओढतो. अशा जादा श्वासोच्छ्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणून परिच्छेद संपतो तिथे आम्ही एक खाली जाणारा बाणही काढला: इथे आधी श्वास सोड, मग हवा आपणहून आत येऊ दे. छोट्या वाक्यांनंतर तर घोटभर हवा पुरते. आणि मधला श्वास नाकानेच घ्यायचा, हा सल्ला मनावर घेऊ नका. अर्ध्या सेकंदात पुरेशी हवा त्या वाटेने येत नाही. बोलताना आपण तोंडाने, किंवा नाक-तोंड दोन्हींनी श्वास घेतो. तो सुस्कारल्यासारखा ऐकू येत असेल तर गळा आवळलेला आहे असं समजा.

एवढं करूनही वाचन रेल्वेच्या घोषणेसारखं वाटू शकतं. बोलताना आपण थांबण्याआधीचं शेवटचं अक्षर किंचित लांबवतो, आणि वाक्य संपायचं नसेल तर सूर वरच ठेवतो. घोषणेतले तुकडे वेगवेगळे मुद्रित करून जोडलेले असतील तर हे दुवे हरवतात. खूण दिसली की झटकन ब्रेक लावणाऱ्या वक्त्याचंही तेच होतं. त्यामुळे खूण आली की थांबायचं नाही, तिच्या एक शब्द आधीपासून वेग उतरवायचा.

शिवाय, खरं बोलणं सगळीकडे सांध्यावरच थांबत नाही. फ्रीडा गोल्डमन-आयस्लर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1950 आणि 60च्या दशकांत उत्स्फूर्त बोलण्यातली शांतता मोजली. त्यांना दिसलं की ज्या शब्दाचा अंदाज बांधणं कठीण, त्याच्या आधी माणूस अडतो, कारण तो शब्द तिथेच शोधला जात असतो. लिहिलेलं वाचताना शोधायचं काही नसतं, म्हणून हे अडणं नाहीसं होतं आणि ऐकणाऱ्याला कागदाचा वास येतो. म्हणून पानाला एखादा दंड मुद्दाम अनपेक्षित शब्दाआधी द्यावा. आम्ही तो ‘रागावण्याऐवजी’नंतर, ‘शेजारी खुर्ची’च्या आधी दिला. ही थोडी लबाडी आहे, हे मला मान्य आहे. पानाला दोनपेक्षा जास्त दिल्या तर ती पकडलीही जाते.

तिने ते फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकताना फक्त वाक्यांची शेवटची दोन अक्षरं ऐकायला सांगितली. ती पुसट असतील तर आधीच्या ओळीत श्वास कमी पडलाय. आणि दंडावरच्या थांब्यांची लांबी मोजली. तिला जे थांबे ‘युगासारखे’ वाटले होते ते अर्धा सेकंदही नव्हते.

“म्हणजे मी थांबलेच नाही?”

“अगं, थांबलीस. पण ते तुझं तुलाच कळलं.”

शेवटची खूण आम्ही सगळ्यात वर काढली, ‘नमस्कार’च्याही आधी: खाली जाणारा बाण, मग श्वास. समारंभात तिने मधल्या दोन खुणा चुकवल्या, एका ठिकाणी ओळ उलटी वाचली आणि सावरली. मी मागच्या रांगेत होतो. ‘उठायच्या नाहीत’ तिथपर्यंत आलं.